काविळीची केस: लाइट पुरेल की रक्त बदलायचं?

"मॅडम, एमडी पेड्सची प्रॅक्टिकल दीड महिन्यावर आलीये. बिलिरुबिनचा चार्ट पाठ आहे पण व्हायव्हात 'आता काय करशील' विचारलं की फोटोथेरपी म्हणू की एक्स्चेंज, यातच अडकते. एक आकडा चुकला की केस गेली असं वाटतं, झोप लागत नाही."

मागच्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा आलेला, याच केसवर नापास झालेला. मी त्याला म्हटलं, रडून झालं असेल तर केस सांग, जशी दिली तशी. तर केस अशी: आईचा रक्तगट बी निगेटिव्ह, दुसरं बाळंतपण, पहिल्या वेळी अँटी-डी दिलेलं नाही. बाळ बी पॉझिटिव्ह, ३८ आठवडे, २.८ किलो, १४ तासांचं असताना पिवळं दिसलं. बिलिरुबिन १०.५, डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह. लाइट लावला, सहा तासांनी १२.९.

यानं काय सांगितलं? "सर, एक्स्चेंजची रेषा अजून साडेतीनने वर आहे, फोटोथेरपी चालू ठेवीन." आकडा बरोबर होता हो, चार्टही बरोबर वाचला होता. पण एका ठिपक्याकडे बघून बोलला, दोन ठिपक्यांमधला चढ बघितलाच नाही.

मी त्याला कागद दिला, म्हटलं भागाकार कर. ६ तासांत २.४ म्हणजे तासाला ०.४. पहिल्या दिवशी तासाला ०.३ किंवा जास्त वेग असेल तर पेशी फुटतायत असंच धरायचं, आणि इथे तर लाइट चालू असताना हा वेग. आता एक्स्चेंजच्या रेषेच्या २ खाली आलं की 'एस्कलेशन ऑफ केअर' सुरू होतं, अमेरिकन अकॅडमीच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये ही पायरी स्पष्ट दिलीये. म्हणजे साडेतीनातले दोन गेले, उरले दीड, ०.४ च्या वेगाने चारेक तासांत बाळ तिथे पोचतं (रेषाही तासागणिक थोडी वर सरकते, पण एवढ्या वेगाने नाही). आणि क्रॉसमॅच होऊन रक्त हातात यायला किती वेळ लागतो ते तुझ्या वॉर्डात तूच बघितलंयस!

म्हणून उत्तर असं हवं होतं: इंटेन्सिव्ह फोटोथेरपी चालू, एनआयसीयूत हलवतो, रक्त आत्ताच मागवतो, रिपोर्ट लवकर लवकर, रेषेच्या २ खाली आलं की निदान दर दोन तासांनी. बिलिरुबिन टोटल धरायचं, डायरेक्ट वजा करायचं नाही. आणि त्वचेकडे बघून कावीळ उतरली असं म्हणायचं नाही, लाइटखाली त्वचा फिकट होते पण रक्तात आकडा वर जात असतो. यात मार्क हमखास जातात.

मग परीक्षकाचा खरा प्रश्न येतो, लाइट असताना एक्स्चेंज का? फोटोथेरपी तयार झालेल्या बिलिरुबिनचं रूप बदलते, म्हणजे ते लिव्हरने जोडणी न करताही पित्तातून, लघवीतून बाहेर पडतं. पण नळ चालूच आहे, आईच्या अँटिबॉडी बाळाच्या पेशी फोडतायत, त्याला लाइट काही करू शकत नाही. एक्स्चेंजमध्ये बिलिरुबिन जातं, अँटिबॉडी जातात, अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी जातात आणि अॅनिमियाही सुधारतो. म्हणूनच रक्त आरएच निगेटिव्ह, नाहीतर नवीन पेशीही फुटतील. २.८ किलोला ८० मिली प्रति किलोप्रमाणे दुप्पट व्हॉल्यूम, साधारण ४५० मिली. हा हिशोब तोंडी यायला हवा, बाकी चार्ट समोर मागून घेतला तरी चालतो, मी स्वतः वॉर्डात चार्ट उघडूनच बघते.

आणि एका ठिकाणी चार्ट बाजूला ठेवायचा. बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, मग ताठरतंय, मान मागे टाकतंय, चिरक्या आवाजात रडतंय, तर आकडा रेषेखाली असला तरी लगेच एक्स्चेंज. तुला केस मिळाली की बिलिरुबिन सांगायच्या आधी बाळाचा टोन आणि रडणं सांग, परीक्षकाला तिथेच कळतं की तू मेंदूचा विचार करतेयस.

तो मुलगा सहा महिन्यांनी परत बसला. केस वेगळी होती, पण शेवटी विचारलंच, "एक्स्चेंज झालं, बिलिरुबिन निम्म्यावर आलं, लाइट काढू?" हा म्हणाला, "नाही सर, टिश्यूतलं बिलिरुबिन परत रक्तात येईल, काही तासांत आकडा पुन्हा चढेल, लाइट चालूच ठेवतो आणि परत रिपोर्ट पाठवतो." परीक्षकांनी पुढची केस मागवली.