रात्रीच्या पूर-कॉलचं इतिवृत्त फेअर करताना

प्रश्न: पुराच्या रात्री तालुका कंट्रोल रूमचा पावणेतीन तासांचा कॉल झाला, नोट्स मी घेतल्या. वही, कॉलचा चॅट, सगळं विस्कळीत आहे, रेकॉर्डिंग नाही. आता फेअर करून द्यायला सांगितलंय. वेळा, कोणाला काय काम दिलं आणि घेतलेले निर्णय न बिघडवता हे कसं नीट करू?

उत्तर:

मी पंचगंगेकाठच्या तालुक्यात बरेच पावसाळे कंट्रोल रूमला वही धरून बसलोय, त्यामुळे माझ्याच एका रात्रीवरून सांगतो.

आधी वहीच्या पानांचे फोटो काढा, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि यानंतर त्या वहीत पेन लावायचं नाही, अक्षर सुधारायला पण नाही. फेअर कॉपी वेगळी फाइल.

मग घड्याळ. वहीतल्या वेळा बहुतेक भिंतीवरच्या घड्याळाच्या असतात, चॅटच्या मोबाइलच्या. दोन्हीकडे आलेली एक तरी गोष्ट शोधा. माझ्या वहीत होतं "१.५२ राजाराम फोटो आला" आणि चॅटमधे राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा तोच फोटो ०१:४६ ला, म्हणजे भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं पुढं. असे अजून दोन जोड तपासले, फरक सहाच निघाला, मग वहीच्या सगळ्या वेळा सहा मिनिटं मागे घेतल्या आणि वरती पहिल्याच ओळीत लिहून टाकलं की असं केलंय. फरक प्रत्येक जोडीत वेगळा निघाला तर मात्र दुरुस्ती करू नका, वहीची वेळ "अंदाजे" म्हणून ठेवा. आणि २४ तासांचं घड्याळ वापरा, मध्यरात्रीनंतर तारीख परत टाका, नाहीतर "रात्री १२.१५" कुठल्या तारखेचं यावरच अर्धा दिवस जातो.

आता खरा भाग. माझ्या वहीत त्या रात्री एवढंच होतं:

१.५२ राजाराम फोटो आला ४१.१० – साहेब – खालची गल्ली हलवा शाळेत – बोट बघतो
२.०४ शाळा नको हॉल
२.१६ बोट??

पहिलं ते ४१.१०. राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात येते आणि सगळे घाईत टिंब देऊन टाइप करतात, त्यामुळे हे ४१ फूट १० इंच आहे, ४१.१ फूट नाही, आणि यात साधारण नऊ इंचांचा फरक पडतो. एक्सेलमधे टाकलं की शेवटचं शून्य उडतं आणि ४१.१० हे ४१.९ च्या खाली जाऊन बसतं, म्हणजे चढणारं पाणी कागदावर उतरतंय असं दिसतं. इशारा पातळी ३९, धोका ४३ असताना ही चूक साधी नाही. म्हणून नेहमी फूट आणि इंच शब्दात लिहा. दुसरं म्हणजे तो फोटो ०१:४६ ला आला तरी वाचन ०१:०० चं होतं. दोन्ही वेळा लिहा, कारण निर्णय घेणाऱ्यांच्या हातात पाऊण तास जुना आकडा होता हे त्याशिवाय कळत नाही. नंतर ०२:०० चं वाचन आलं म्हणून ते मागच्या नोंदीत घुसवायचा मोह होतो, तो टाळा. ज्या मिनिटाला जेवढं माहीत होतं तेवढंच त्या मिनिटासमोर.

"साहेब" कोण? कॉलवर प्रांत, तहसीलदार आणि पोलीस निरीक्षक असे तिघं साहेब होते. आठवणीवर लिहू नका, त्याच वेळचा चॅट बघा, तरी कळलं नाही तर दुसऱ्या दिवशी तिघांना वेगवेगळं विचारा. नाव आणि हुद्दा दोन्ही टाका, आणि मधेच चार्ज दुसऱ्याकडे दिला असेल तर किती वाजता तेही.

"बोट बघतो" हे सगळ्यात फसवं वाक्य. कोण बघतो? फेअर करताना आपला हात आपोआप "बोटीची जबाबदारी नायब तहसीलदारांना देण्यात आली" असं लिहितो, कारण शेवटी आणली त्यांनीच. पण ती जबाबदारी त्यांनी वहीच्या २.१६ ला, म्हणजे ०२:१० ला घेतली. मधली चोवीस मिनिटं बोट कोणाचीच नव्हती, आणि ती तशीच दिसली पाहिजे. माझा नियम असा की माणसानं स्वतः "हो, मी करतो" म्हटलं किंवा चॅटवर टाकलं तरच काम सोपवलं असं लिहायचं, नाहीतर "गरज मांडली, जबाबदारी ठरली नाही".

बदललेला निर्णय पण पुसायचा नाही. शाळेचा निर्णय बारा मिनिटंच जिवंत होता, पण त्यावर एक टेम्पो शाळेकडे निघून गेला. पोलीस निरीक्षक रेंज गेल्यामुळे ०१:५५ ते ०२:०३ कॉलवर नव्हते, त्यांनी बदल ऐकलाच नाही, आणि त्यांच्या माणसांनी टेम्पो शाळेकडेच सोडला. फक्त "हॉलमधे स्थलांतर" लिहिलं असतं तर पोलिसांनी आदेश मोडला असं वाचलं गेलं असतं. म्हणून कोण कधी तुटलं, कधी परत जोडलं हे चॅटच्या सूचनांवरून नक्की घ्या. "आवाज येतोय का" वगैरे काढून टाका, पण आवाज न आल्यामुळे काही अडलं असेल तर ती ओळ राहू द्या.

फेअर झालं ते असं:

०१:४६ – राजाराम बंधारा ४१ फूट १० इंच (०१:०० चं वाचन), फोटो चॅटवर.
०१:४६ ते ०१:५० दरम्यान – निर्णय १: खालच्या गल्लीतली कुटुंबं शाळेत हलवणे. निर्णय: तहसीलदार. अंमल: मंडळ अधिकारी. बोटीची गरज मांडली, जबाबदारी ठरली नाही.
०१:५५ – पोलीस निरीक्षक कॉलवरून तुटले.
०१:५८ – निर्णय २ (निर्णय १ बदलून): शाळेऐवजी मंगल कार्यालय. कारण: शाळेच्या रस्त्यावर पाणी, माहिती तलाठ्यांची. निर्णय: तहसीलदार.
०२:०३ – पोलीस निरीक्षक परत जोडले. निर्णय २ त्यांना परत सांगितल्याची नोंद नाही.
०२:०८ – बोट न आल्याबद्दल मंडळ अधिकाऱ्यांची तक्रार.
०२:१० – बोट आणण्याची जबाबदारी नायब तहसीलदारांनी घेतली.

शेवटची "नोंद नाही" बघा. सांगितलं नाही असं मी लिहिलेलं नाही, कारण कोणी फोनवर सांगितलं असेल तर मला कळणार नव्हतं.

अजून एक चूक आमच्याकडे दरवर्षी होते. "राधानगरीचे तीन दरवाजे उघडण्याचा निर्णय" असं इतिवृत्तात येतं. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक. तो कोणाचा निर्णय नाही, कॉलवर आलेली माहिती आहे. कोयनेचे दरवाजे मात्र जलसंपदा विभाग ठरवून उघडतो, तिथे "निर्णय" बरोबर, पण तोही तालुक्याचा नाही. प्रत्येक ओळीला माहिती, सूचना, निर्णय यापैकी काय आहे ते स्वतःला विचारा. "एनडीआरएफला कळवूया का" ही सूचना आहे, त्यावर कोणी हो म्हटलं नसेल तर सूचनाच राहू द्या.

रागाचं काय करायचं? "तुम्ही लोक काय झोपलाय का" असं कोणीतरी म्हणतंच. सूर काढा, आतली गोष्ट ठेवा: "०२:०८ – बोट न आल्याबद्दल मंडळ अधिकाऱ्यांची तक्रार". ही ओळ गेली तर ०२:१० ला अचानक कोणीतरी जबाबदारी का घेतली हे समजणार नाही.

फेअर कॉपी शक्यतो चोवीस तासांच्या आत, ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना एकदमच पाठवा. दुरुस्त्या येतील. आलेली दुरुस्ती मूळ ओळीवर करायची नाही, खाली "यांच्या म्हणण्यानुसार" म्हणून तारीख-वेळेसह जोडायची. मला एकदा एका वरिष्ठांनी निर्णयाची वेळ वीस मिनिटं आधीची करायला सांगितलं होतं. मी म्हटलं, सर तुमचं म्हणणं खाली तुमच्या नावानं टाकतो, वरची ओळ वहीप्रमाणे राहील, आणि वहीचं पान सोबत जोडतो. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि राहू दे म्हणाले.