ईमेल सेवा बदलण्यापूर्वी

तुम्ही लिहिता की नव्या ईमेल सेवेचे शुल्क कमी आहे, म्हणून तिकडे जायचे आहे. जरूर जा, पण जुने पत्र नव्या पेटीत नेणे हा या कामाचा सोपा भाग आहे. आयमॅप, म्हणजे सेवेच्या सर्व्हरवरची पत्रे वाचण्याची आणि हलवण्याची प्रमाण पद्धत, वापरून ते सहसा एका रात्रीत होते. खरी अडचण पत्त्याची आहे. पत्त्यात @ नंतर सेवेचे नाव असेल, तर तो पत्ता तुमचा नसून त्या सेवेचा असतो, आणि बँकेपासून वीजबिलापर्यंत प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलण्याचा दुवा तिथेच येतो.

मी स्वतः पहिल्या खेपेस जुने खाते महिन्याभरातच बंद केले. पुढे वर्षातून एकदाच लागणाऱ्या विमा खात्याचा पासवर्ड विसरलो, तेव्हा दुवा बंद पेटीकडे जात राहिला आणि ओळख पटवण्यात तीन आठवडे गेले.

म्हणून सुरुवातीला एवढेच करा:

- स्वतःचे डोमेन, म्हणजे @ नंतर येणारे तुमच्या नावावर नोंदलेले नाव, घ्या आणि पत्ता त्यावर ठेवा. पुढे सेवा बदलताना पत्र कोणत्या सेवेकडे जावे हे सांगणारी डोमेनची एमएक्स नोंद बदलली की पत्र नव्या सेवेकडे येते, पत्ता तोच राहतो. मात्र डोमेनचे नूतनीकरण चुकवू नका.
- जुन्या पेटीतून नव्या पेटीकडे पत्रे आपोआप पाठवण्याची सोय लावा. जुन्या पत्त्यावर जे जे येईल, त्या खात्यातला पत्ता त्याच दिवशी बदला.
- जुने खाते किमान एक वर्ष चालू ठेवा, कारण वार्षिक पत्रे त्याआधी दिसतच नाहीत.

गाळण्या आणि फोल्डरांचे नियम बहुधा हातानेच पुन्हा करावे लागतात. त्याची चिंता नंतर करा.