घाटात रेंज फुल होती, फोटो तरी गेला नाही

प्रश्न: फॉर्मवर फोटो अपलोड करताना सारखं फेल होतंय. आमच्याकडे रेंज कमी आहे, कधी एअरप्लेन मोड ऑन-ऑफ करून बघतो. चूक नेटची आहे की फोटोच्या फॉरमॅटची, हे कसं ओळखायचं?

देवरुखात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. हे आधी सांगतो, कारण पुढची फजिती माझीच आहे आणि घरात तिच्यावरून अजून बोलणी खातोय.

भाचीचा वसतिगृहाचा अर्ज होता, शेवटची तारीख त्याच दिवशी. बहिणीचं घर साखरप्याच्या पुढे, डोंगराच्या पोटात. जुलैचा पाऊस, लाइट गेलेली. मी आणि माझा इंजिनिअरिंगचा मुलगा संध्याकाळी तिथे पोचलो. अर्ज भरून झाला होता, फक्त मार्कशीटचा फोटो चढवायचा राहिला होता. भाचीने तो स्वतःच्या नव्या फोनवर काढला होता. फॉर्मवर लिहिलेलं, जेपीजी किंवा पीएनजी, २ एमबीपर्यंत. फोटो १.६ एमबीचा, म्हणजे बसायला हवा.

फोटो निवडला आणि पापणी लवायच्या आत लाल अक्षरात आलं, की फक्त जेपीजी किंवा पीएनजी चालेल. चिरंजीव म्हणाले, ‘पप्पा, फाइलच्या नावाच्या शेवटी .heic आहे, .jpg करून टाकतो.’ केलं. फॉर्मने मुकाट घेतला. मला वाटलं, पोरगा हुशार आहे.

मग अपलोड दाबलं. पट्टी सरकत सरकत दीड मिनिटाने १०० टक्क्यांवर गेली, तिथे जरा थांबली आणि स्क्रीनवर आलं: Something went wrong. Please check your internet connection. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पट्टी ३७ वरच अडकली, तेव्हा मुलाने सवयीने एअरप्लेन मोड ऑन-ऑफ केला. पट्टी गेली, पुन्हा शून्यापासून. मी म्हटलं, रेंजच नाही इथे, चला घाटात. रेनकोट घालून, भाचीला मागे बसवून आंबा घाटाच्या चढावर एका वळणाशी गेलो. तिथे रेंज मस्त. दहा सेकंदांत १०० टक्के आणि खाली तोच संदेश.

खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं. जागा बदलली, वेग दीड मिनिटावरून दहा सेकंदांवर आला, पण गाडी पडली त्याच खड्ड्यात. नेटचा दोष असता तर पडायची जागा हलली असती. पण समोर ‘इंटरनेट तपासा’ असं लिहून येत असताना डोकं चालत नाही हो. आम्ही अर्धा तास पावसात त्या फोनला वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उभे होतो.

शेवटी भावोजींचा फोन आला. ‘फोटो मला व्हॉट्सॲपवर टाक, लॉगिन सांग, मी लावतो.’ भाचीने गॅलरीतून पाठवला. भावोजींनी घरात बसून, त्याच अंधारात, त्याच ‘रेंज नसलेल्या’ खोलीतून वीसेक सेकंदांत लावला. आम्ही भिजून परत आलो तर म्हणतात, ‘माझं सिम बघ, आणि तुमचं बघ.’ तेव्हापासून घरात लग्न असो, बारसं असो, हा किस्सा निघतोच.

सिमचा काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात दोन्ही फाइली मागवल्या. भाचीच्या फोनमधली मूळ फाइल १.६ एमबी, भावोजींकडे पोचलेली १९० केबी. व्हॉट्सॲपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला की तो वाटेत लहान होतो आणि जेपीजी बनूनच पलीकडे पोचतो. म्हणजे भावोजींनी नकळत फॉरमॅट बदलला आणि आकार आठवा हिस्सा केला, आणि श्रेय गेलं सिमला. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला असता तर जसाच्या तसा गेला असता आणि भावोजीही आपटले असते.

मग मुलाने नाव बदललं त्याचं काय? नाव बदलल्याने फाइल बदलत नाही, तांदळाच्या डब्यावर डाळ लिहिल्यासारखं आहे ते. ब्राउझर फाइलचा प्रकार शेपटीवरूनच ठरवतो, म्हणून फॉर्मच्या दारावरचा रखवालदार फसला. पलीकडच्या सर्व्हरने डबा उघडला, तेव्हा तांदूळ निघाले. खरा प्रकार बघायचा तर फाइलची कॉपी कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडा, सेव्ह मात्र करू नका. सगळा कचरा दिसेल, पण पहिल्या ओळीच्या सुरुवातीलाच ftypheic दिसलं तर ती एचईआयसी आहे, नाव काहीही असो. जेपीजी असेल तर सुरुवातीला बहुधा JFIF किंवा Exif दिसतं. भाचीच्या नव्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यात जागा वाचवायचा ‘हाय एफिशिअन्सी’ पर्याय चालू होता, एचईआयसी तिथून आलं. आयफोनमध्ये तर २०१७ च्या आयओएस ११ पासून हा प्रकार आहे. तिथे सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि Most Compatible निवडायचं. मात्र जुने फोटो त्याने बदलत नाहीत, फोटो नव्याने काढावा लागतो.

सर्व्हर काय म्हणतोय तेही बघता येतं. मुदत वाढली होती (वाढतेच), म्हणून दुकानातल्या ब्रॉडबँडवर, क्रोममध्ये F12 दाबून Network उघडलं आणि तीच नाव बदललेली फाइल चढवली. पानावर तेच ‘इंटरनेट तपासा’, पण Network मध्ये त्या ओळीसमोर आकडा होता 415. म्हणजे सर्व्हर सांगत होता, हा प्रकार मला चालत नाही. फॉर्म बनवणाऱ्याने कुठलीही चूक झाली की एकच वाक्य दाखवायचं ठरवलं होतं. आळस, दुसरं काय. मग नेट बंद करून तेच केलं, तर आकडा नाही, नुसतं net::ERR_INTERNET_DISCONNECTED. आता मी एवढंच बघतो: समोरून आकडा आला म्हणजे तुमचं म्हणणं सर्व्हरपर्यंत पोचलं, आता नेटला शिव्या देऊ नका.

तुमच्याकडे कॉम्प्युटर नसेल तर एअरप्लेन मोडचाच उपयोग करा, पण उलटा. फॉर्म उघडा, भरलेलं सेव्ह करा, मग एअरप्लेन मोड लावा. वायफाय वेगळं चालू राहू शकतं, तेही बंद करा. पान रिफ्रेश करू नका. आता फोटो निवडा. नेट नसताना सुद्धा ‘हा प्रकार चालणार नाही’ किंवा ‘फाइल मोठी आहे’ असं आलं, तर तो नकार तुमच्या फोनमधल्या पानानेच दिला, रेंजचा त्यात हात नाही. फोटो मुकाट घेतला, तर एअरप्लेन मोड काढा, रेंज स्थिर होऊ द्या आणि दुसरा एखादा लहान, साधा जेपीजी चढवून बघा. अपलोड झाल्यावर बदलता येत असेल तरच हं, नाहीतर मार्कशीटच्या जागी मांजर जायचं. तो गेला आणि तुमचा अडला, तर तुमच्या फोटोत किंवा त्याच्या आकारात खोट आहे. दोन्ही अडले, आणि दर वेळी वेगळ्या टक्क्यावर, तर नेट.

पण ती पट्टी चालू असताना एअरप्लेन मोडला हात लावू नका. लोकांना वाटतं फोन टॉवर नव्याने पकडतो, ते खरंही आहे, पण चालू जोडणी त्याने तुटते आणि बहुतेक फॉर्म पुन्हा शून्यापासूनच सुरू करतात. व्हॉट्सॲप घड्याळ दाखवून फोटो रांगेत ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. फॉर्म तसं काही करत नाही.

आणि ‘दोन कांड्या आहेत, पान उघडतंय, मग फोटो का जात नाही’ हे मला रोज विचारतात. कांड्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती येतो ते दाखवतात. टॉवर दहा-वीस वॅटने ओरडतो, तुमचा फोन उत्तर देतो साधारण ०.२ वॅटने. टॉवर ऐकू येतो, तुमचं त्याला ऐकू जात नाही. बहिणीच्या घरून वर जायचा वेग माझ्या हिशेबाने १५० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १५० किलोबिट असेल. एका बाइटचे आठ बिट, म्हणून १.६ एमबी म्हणजे १२,८०० किलोबिट, भागिले १५०, पंच्याऐंशी सेकंद. आमचं दीड मिनिट तिथून आलं. भावोजींचे १९० केबी म्हणजे दहा सेकंदांचं काम. म्हणून जिथे ५० केबीचा फोटो मागतात आणि पान नीट उघडतंय, तिथे मी रेंजवर शेवटी संशय घेतो.

हे सगळं भावोजींना दोन्ही फाइली दाखवून समजावलं. शांतपणे ऐकलं, चहा प्यायले आणि म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण लागला कुणाच्या सिमवर?’

तुमच्या बाबतीत दोन्ही दोष एकाच वेळी असू शकतात, आमचे होते. ३७ वर अडकलं ते खरंच नेट होतं, त्यानेच तर आम्ही फसलो. शिवाय दर वेळी ठरावीक सेकंदांनीच, समजा बरोबर साठाव्या सेकंदाला तुटत असेल, तर बहुतेक सर्व्हर वाट बघून कंटाळतोय, फॉरमॅट ठीक असेल, फोटो लहान करा. आणि आकड्याच्या नियमाला एक अपवाद आहे. फाइल फार मोठी असली तर काही सर्व्हर 413 असं नीट सांगायच्या आधीच जोडणी तोडतात आणि ब्राउझर ERR_CONNECTION_RESET दाखवतो. दिसायला तो नेटचा दोष, असतो आकाराचा. लहान फोटो टाकून बघितलं की तेही कळतं. पट्टी १०० वर जाऊन नुसती थांबलीच, पुढे काहीच आलं नाही, तर लगेच पुन्हा दाबू नका. फोटो पोचलेला असतो आणि पोच पावतीच वाटेत हरवलेली असते, असंही होतं. लॉगिन करून आधी बघून घ्या.