कॉल कधी लिहिला आणि आधी काय लागलं?

सांगलीहून एक वाचक: “टेलिग्रामच्या एका चॅनेलवर रोज सकाळी निफ्टीचा कॉल येतो आणि संध्याकाळी नफ्याचे स्क्रीनशॉट. एवढे सगळे स्क्रीनशॉट खोटे कसे असतील?”

बहुतेक वेळा ते खोटे नसतातच, म्हणून तर माणूस फसतो. स्क्रीनशॉट खरा असतो, पण वीस कॉलपैकी नेमके कोणते नऊ दाखवायचे ते दाखवणारा ठरवतो. म्हणून संध्याकाळचं चित्र बाजूला ठेवा आणि सकाळचा कॉल, म्हणजे काय घ्यायचं ते सांगणारा मेसेज, तपासा.

एक उदाहरण घेऊ. सकाळी ९:५० ला मेसेज येतो: ‘निफ्टी २४५०० कॉल, १२० च्या वर घ्या, स्टॉपलॉस १००, टार्गेट १४०, १६०, २००’. संध्याकाळी पोस्ट येते: ‘१२० ते २०५! एका लॉटला ६,३७५ रुपये!’ लॉट ७५ चा धरला तर गुणाकार बरोबर आहे. आता त्याच स्ट्राइकचा आणि त्याच एक्स्पायरीचा एक मिनिटाचा चार्ट उघडा. समजा, १०:०५ ला भाव १२१ झाला, म्हणजे वाटेत १२० ला तुमची खरेदी झाली. १०:२० ला तो ९८ पर्यंत खाली आला, वाटेत १०० ला स्टॉपलॉस लागला, म्हणजे तोटा थांबवायला तो विकला गेला, आणि लॉटमागे १,५०० रुपये गेले. दुपारी पावणेदोनला बाजार फिरला आणि तोच ऑप्शन २०५ वर गेला. पोस्टमधला आकडा खरा, चार्टही खरा. पण मेसेजप्रमाणे वागलेल्या माणसाच्या हाती तोटाच आला. टार्गेट लागलं का, एवढंच विचारू नका. स्टॉप आधी लागला की टार्गेट, हे बघा. आणि नफा दिवसाच्या सर्वात वरच्या भावाने मोजला आहे का, तेही बघा. नेमक्या त्या टोकाला विकणं क्वचितच कुणाला जमतं.

हे त्याच आठवड्यात करा. एक्स्पायरी झाली की बहुतेक ॲपवरून त्या ऑप्शनचा मिनिटाचा चार्ट जातो. नंतर उरते ती एनएसईच्या संकेतस्थळावरची भावकॉपी. तिच्यात त्या दिवसाचा ओपन, हाय, लो आणि क्लोज मिळतो. ‘९० ला घेतला’ म्हणणाऱ्याचं बिंग त्यावरून फुटू शकतं, कारण त्या दिवसाचा लो ११० असेल तर ९० ला कुणालाच मिळालेला नाही. पण आधी स्टॉप लागला की टार्गेट, हे भावकॉपी सांगत नाही.

आणखी एक जागा बघायची असते. टेलिग्रामवर मेसेज बदलला की वेळेजवळ तसं लिहून येतं, पण मेसेज पुसला तर काहीच दिसत नाही. मात्र चॅनेलच्या प्रत्येक मेसेजला क्रमांक असतो. मेसेजची लिंक कॉपी केलीत की शेवटी तो दिसतो, उदाहरणार्थ `t.me/channelname/1204`. लागोपाठच्या मेसेजच्या लिंक घेऊन बघा. १२०४ नंतर थेट १२०९ आला तर मधले चार कुठे गेले? एखाद-दुसरा खंड किरकोळ कारणानेही पडतो. पण बाजार पडलेल्या दिवशीच हे खंड दिसू लागले, तर तोट्याचे कॉल पुसले जात आहेत असंच मी समजेन.

आता वहीत सलग वीस कॉल लिहा, एकही न गाळता: मेसेजची वेळ, भाव, स्टॉप, पहिलं टार्गेट आणि आधी काय लागलं. समजा, नऊ वेळा २० पॉइंट मिळाले आणि अकरा वेळा २० गेले. निव्वळ ४० पॉइंटचा तोटा, म्हणजे ३,००० रुपये. ऑर्डरला २० रुपये ब्रोकरेज धरली तर येण्याजाण्याचे आणखी ८०० गेले, कर वेगळे. याच वीस कॉलमधून चॅनेलवाल्याला नऊ झकास स्क्रीनशॉट मिळतात.

नाशिकहून: “ते ब्रोकरच्या ॲपमधला पी अँड एल दाखवतात आणि खाली सेबीचा नोंदणी क्रमांकही असतो. मग विश्वास ठेवायला काय हरकत?”

ॲपचं चित्र हा पुरावा नव्हे. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचे आकडे दोन मिनिटांत बदलता येतात. काही ब्रोकर पडताळणीची लिंक देतात. ती त्यांच्याच संकेतस्थळावर उघडते, म्हणून चित्रापेक्षा बरी. पण तीही एकाच खात्याची आणि निवडलेल्या तारखांची असते. एका खात्यात बाजार वर जाईल म्हणून कॉल ऑप्शन घेतला आणि दुसऱ्यात खाली जाईल म्हणून पुट ऑप्शन, तर बाजार मोठा हलला की एक खातं हिरवं होतं, आणि लिंक त्याचीच मिळते. भांडवल किती होतं, हेही तिथे असेलच असं नाही. ५० लाखांवर १ लाख कमावले की २ लाखांवर, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सेबीचा ऑक्टोबर २०२३ चा एक आदेश आवर्जून सांगतो. ‘बाप ऑफ चार्ट’ नावाने शिकवणी आणि सल्ला चालवणाऱ्या नसीरुद्दीन अन्सारी यांच्याविरुद्धचा तो अंतरिम आदेश. वर्गाची जाहिरात भरघोस नफ्याची होती. पण जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात त्यांच्या स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये सुमारे २.८९ कोटींचा निव्वळ तोटा होता, असं सेबीने नोंदवलं. १७ कोटींहून अधिक रक्कम जमा करायला सांगितली.

नोंदणी क्रमांक मात्र जरूर तपासा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा INH ने सुरू होतो, इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरचा INA ने. sebi.gov.in वर नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत तो शोधा. क्रमांक सापडला म्हणून थांबू नका, दुसऱ्याचा खरा क्रमांक चोरून लावतात. यादीतल्या ई-मेलवर लिहा आणि हे चॅनेल तुमचंच का, असं विचारा. पैसे भरण्याच्या खात्यावरचं नावही यादीशी जुळायला हवं. हे सगळं जुळलं तरी कळतं एवढंच की माणूस नियमांखाली आहे. त्याचा कॉल बरोबर येतो का, ते वहीतच कळेल. आणि ‘खात्रीचा नफा’ असे शब्द दिसले तर पुढचं तपासूही नका, नोंदणीकृत सल्लागाराला तसं आश्वासन देताच येत नाही.

पिंपरीहून: “फुकटच्या ग्रुपवर सलग चार कॉल बरोबर आले. आता ३,००० रुपये भरून प्रीमियम घ्यावं का?”

नाही. आठ हजार माणसं वेगवेगळ्या ग्रुपमध्ये आहेत असं धरा. अर्ध्यांना ‘बाजार वर’ सांगितलं, अर्ध्यांना ‘खाली’. बरोबर निघालेले चार हजार ठेवले, त्यांचे पुन्हा दोन भाग केले. चौथ्या दिवशी पाचशे माणसं उरतात, ज्यांनी सलग चार अचूक कॉल पाहिलेत. ३,००० प्रमाणे तेवढ्यांनी भरले तर १५ लाख होतात, आणि यात बाजाराचं ज्ञान कुठेच लागलं नाही. तुमचा ग्रुप असाच आहे असं मी म्हणत नाही. पण चार कॉलवरून दोहोंतला फरक कळत नाही. वीस-तीस कॉल वहीत येऊ द्या, तोवर पैसे भरू नका.

लातूरहून: “पैसे भरले. तोटा झाल्यावर परत मागितले तर ब्लॉक केलं. आता काय?”

चॅट, पैसे भरल्याची नोंद आणि चॅनेलची लिंक आजच जपून ठेवा, उद्या चॅनेल नसेल. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आणि बँकेलाही लगेच कळवा. समोरचा खरोखर नोंदणीकृत असेल तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवरही तक्रार होते. ‘थोडे भरा, तोटा भरून देतो’ असा फोन आलाच तर एक रुपयाही देऊ नका. पहिल्याच माणसाकडून तुमचा नंबर पुढे गेलेला असू शकतो.