व्ह्यूज कुठल्या दारानं आले?

उकडीच्या मोदकांच्या माझ्या यूट्यूब व्हिडिओला 2024 मध्ये गणपतीच्या तोंडावर 62 टक्के व्ह्यूज सर्चमधून आले होते. 2025 मध्ये त्याच तारखांना, म्हणजे 9 ऑगस्ट ते 7 सप्टेंबर, फक्त 31 टक्के आले. आकडे सोबत पाठवले आहेत. सर्चमधली माझी जागा गेली का?

गेलेली दिसत नाही. पण तुमचे आकडे वरवर पाहिले तर कुणीही घाबरेल, म्हणून ते नीट उलगडून बघू.

2024 मध्ये त्या तीस दिवसांत 20,000 व्ह्यूज होते. त्यातले 62 टक्के म्हणजे 12,400 सर्चचे. 2025 मध्ये त्याच तारखांना 31,000 व्ह्यूज आणि त्यातले 31 टक्के, म्हणजे 9,610 सर्चचे. टक्काही घटला आणि आकडाही घटला. मात्र 2024 ची चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 ची 27 ऑगस्टला. म्हणजे पहिल्या वर्षीचे तीस दिवस बरोबर चतुर्थीला संपतात. दुसऱ्या वर्षीच्या तीस दिवसांतले शेवटचे अकरा दिवस मात्र मोदक खाऊन झाल्यानंतरचे आहेत. तेव्हा उकड कशी काढायची हे फारसं कुणी शोधत नाही. सणाच्या व्हिडिओची तुलना तारखेशी तारीख जुळवून कधी करू नका, सणाशी सण जुळवा.

म्हणून मी तुमच्याकडून 29 जुलै ते 27 ऑगस्ट 2025 चे आकडे मागवले. एकूण 42,000, त्यात सर्च 34 टक्के, म्हणजे 14,280. आता सर्चचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा जास्त भरतो. टक्का घटला तो इतर दारांनी जास्त माणसं आली म्हणून. टक्का हा वाटा असतो. एकाचा वाढला की दुसऱ्याचा कमी दिसणारच. व्ह्यूज कुठून आले हे सांगणाऱ्या या अहवालात आधी व्ह्यूजचा रकाना वाचावा आणि मग टक्का, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण चुकीचे निर्णय बहुतेक इथेच घेतले जातात.

पण 14,280 पाहूनही लगेच खूश होऊ नका. व्हिडिओच्या Analytics मधून Advanced mode उघडा, Traffic source निवडा आणि YouTube search या ओळीवर क्लिक करा. लोकांनी नेमकं काय टाइप केलं त्याची यादी येते. तुमच्या यादीत वरच्या बाजूला ukadiche modak, modak recipe in marathi आणि उकडीचे मोदक आहेत. रोमन आणि देवनागरी शब्द वेगवेगळ्या ओळींत येतात, ते एकत्र करूनच विचार करा. चौथ्या क्रमांकावर तुमच्या चॅनेलचं नाव आहे. 2025 मध्ये त्यातून 2,600 व्ह्यूज, 2024 मध्ये 600. ही माणसं तुम्हाला आधीपासून ओळखतात. सर्चची खिडकी त्यांनी फक्त तुमच्या दारापर्यंत यायला वापरली. त्यांना वगळलं तर 2024 चे 11,800 आणि 2025 चे 11,680 उरतात. यादीत किरकोळ शब्द दिसत नाहीत, त्यामुळे ही वजाबाकी अंदाजाचीच. तरी अनोळखी माणसांच्या शोधात तुम्ही होतात तिथेच आहात, एवढं तिच्यावरून म्हणता येतं.

एक मर्यादाही लक्षात घ्या. हा अहवाल तुमचा क्रमांक सांगत नाही. लोकांनीच कमी शोधलं, तर जागा तीच असूनही व्ह्यूज घटतील. म्हणून सर्चच्या ओळीतली इंप्रेशन्स, म्हणजे थंबनेल किती वेळा दिसलं तो आकडा, आणि क्लिकचा दर दोन्ही पाहा. इंप्रेशन्स घटली असतील तर गूगल ट्रेंड्समध्ये यूट्यूब सर्च निवडून त्या शब्दाची मागणीच घटली का, ते तपासा. इंप्रेशन्स तेवढीच आणि क्लिकचा दर घसरलेला असेल, तर शेजारी कुणाचं तरी अधिक चांगलं थंबनेल किंवा शीर्षक आलं असण्याची शक्यता मोठी. 2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, तेव्हा पुढच्या तुलनेसाठी 16 ऑगस्ट ते 14 सप्टेंबर हे तीस दिवस घ्या.

माझ्या चॅनेलवर Suggested videos मधून 40 टक्के व्ह्यूज दिसतात. पण आत यादी उघडली तर बहुतेक माझेच व्हिडिओ आहेत. मग यूट्यूब मला खरंच सुचवतंय का?

सुचवतंय, पण तुमच्याच घरातल्या घरात. दुसरा एखादा व्हिडिओ चालू असताना बाजूला किंवा तो संपल्यावर पुढे जे सुचवलं जातं, ते या ओळीत येतं. ज्या व्हिडिओवरून माणूस तुमच्याकडे आला तो तुमचाही असू शकतो. शिवाय व्हिडिओच्या वर्णनात दिलेल्या लिंकवर क्लिक झालं, तर तेही याच ओळीत मोजतात. तुम्ही प्रत्येक वर्णनाखाली पाच जुन्या व्हिडिओंच्या लिंक देत असाल, तर यातला काही भाग तुम्हीच घडवलेला आहे.

यादीचे दोन भाग करा: तुमचे व्हिडिओ आणि परके व्हिडिओ. तुमचा भाग मोठा असेल तर आलेला माणूस दुसरा व्हिडिओही बघतो आहे. ही चांगलीच गोष्ट आहे, पण तिच्यातून नवीन माणूस मिळत नाही. परक्या व्हिडिओंचा भाग वाढू लागला की यूट्यूबने तुम्हाला कुणाच्या तरी प्रेक्षकांशी जोडलं असं समजा. ते व्हिडिओ एकेक उघडून पाहा. विषय, लांबी, भाषा यांत तुमच्या व्हिडिओशी काय जुळतं ते कळलं की पुढचा विषय निवडायला फार उपयोग होतो.

बरेच जण होम स्क्रीनवर दिसलेल्या व्हिडिओलाही सजेशन म्हणतात. अहवालात ते Browse features या वेगळ्या ओळीत जातं. होम, सबस्क्रिप्शन फीड आणि वॉच लेटर हे सगळं तिथे येतं. व्हिडिओच्या शेवटी तुम्ही लावलेल्या एंड स्क्रीनचीही ओळ निराळी आहे.

शेतीविषयक व्हिडिओची लिंक मी तीसेक व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकतो. External मध्ये WhatsApp पुढे थोडेच व्ह्यूज दिसतात, आणि Direct or unknown मात्र फुगलेलं असतं. हे व्हॉट्सॲपचेच आहेत का?

त्यातले काही असतील, पण किती ते हा अहवाल सांगू शकत नाही. लिंक उघडताना माणूस कुठल्या ॲपमधून आला ही खूण सोबत आली, तर तो व्ह्यू External मध्ये त्या ॲपच्या नावावर जमा होतो. खूण वाटेत गळली, तर तो Direct or unknown मध्ये पडतो. पण त्याच ओळीत थेट पत्ता टाइप करणारे, बुकमार्कवरून येणारे आणि साइन इन न केलेले प्रेक्षकही असतात. सगळी ओळ व्हॉट्सॲपच्या खात्यावर लिहिणं चुकीचं ठरेल.

अंदाज घ्यायचा तर एक साधी चाचणी करा. काही महिने जुना, व्ह्यूज संथ आणि एकसारखे येणारा व्हिडिओ निवडा. त्याची लिंक एका ठरावीक वेळी, समजा संध्याकाळी 7 वाजता, सगळ्या ग्रुपांवर टाका आणि त्या दिवशी बाकी कुठेच टाकू नका. रीअलटाइममध्ये तासातासाचे व्ह्यूज दिसतात, तिथे 7 नंतरचा उंचवटा पाहा. दोन-तीन दिवसांनी पूर्ण अहवाल आला की External आणि Direct or unknown या दोन्ही ओळी आदल्या आठवड्याच्या त्याच वाराशी ताडून पाहा. दोन्हींत मिळून जेवढी वाढ, तेवढे साधारण तुमच्या ग्रुपांचे. लिंकच्या शेपटीला utm ही माग काढणारी खूण लावून काही हाती लागणार नाही, यूट्यूब स्टुडिओ ते दाखवत नाही.

इथे दोन गोष्टींनी गोंधळ होतो. गूगलवर शोधून आलेला माणूस YouTube search मध्ये मोजला जात नाही, तो External मध्ये Google Search या नावाने येतो. ‘कांद्यावरचा करपा’ असं गूगलवर शोधणारे शेतकरी पुष्कळ असतात, त्यामुळे तुमच्या विषयात ही ओळ मोठी निघू शकते. दुसरं म्हणजे External च्या ओळीत क्लिकचा दर शोधू नका. यूट्यूबच्या स्वतःच्या पडद्यावर थंबनेल किमान निम्मं आणि एका सेकंदापेक्षा जास्त वेळ दिसलं, तरच इंप्रेशन धरतात. व्हॉट्सॲपवरची लिंक कितीजणांना दिसली हे यूट्यूबला माहीतच नसतं. तिथे सरासरी किती वेळ पाहिलं गेलं तेवढं बघा. सर्चमधून आलेला माणूस चार मिनिटं थांबत असेल आणि ग्रुपवरून आलेला चाळीस सेकंद, तर तीस ग्रुपांपैकी ज्यांत खरोखर कांदा पिकवणारे आहेत तेवढेच ठेवा.

माझे 18,000 सबस्क्रायबर आहेत. नव्या व्हिडिओला Notifications मधून फक्त 210 व्ह्यूज आले. यूट्यूब नोटिफिकेशन पाठवत नाही असं वाटतं. कसं तपासू?

18,000 ने भागू नका. सबस्क्राइब केलं की घंटा आपोआप ‘सगळं कळवा’वर जात नाही. सुरुवातीला ती निवडक व्हिडिओ कळवणाऱ्या पर्यायावर असते आणि अशा माणसाला कधी कळवायचं ते यूट्यूब ठरवतं. ज्याने सगळं कळवा निवडलं, त्याच्या फोनवर यूट्यूबची नोटिफिकेशन्स बंद असू शकतात. चॅनेलच्या Audience टॅबमध्ये याचं एक कार्ड असतं. सगळी नोटिफिकेशन्स निवडलेले किती टक्के, आणि त्यातही फोनवर ती चालू असलेले किती टक्के, हे तिथे दिसतं. दुसरा आकडा 12 टक्के असेल तर तुमची खरी पोच साधारण 2,160 माणसांपर्यंत. निवडक पर्यायवाले आणि ईमेलमधून येणारेही याच ओळीत मिसळतात, म्हणून हिशेब काटेकोर बसणार नाही. पण 210 हा आकडा 2,160 पुढे ठेवून पाहिला तर तो वाईट नाही.

तरी ते अगदीच शून्याजवळ असेल तर तीन कारणं तपासा. अपलोड करताना सबस्क्रायबरांना कळवण्याची खूण चुकून काढली गेली का. चोवीस तासांत तीनहून जास्त व्हिडिओ टाकले का, कारण एका चॅनेलची तेवढीच नोटिफिकेशन्स एका माणसाला जातात. आणि व्हिडिओ मुलांसाठी म्हणून नोंदवला आहे का. तसा असेल तर नोटिफिकेशन जातच नाही. गोष्टी आणि बालगीतांच्या चॅनेलवाल्यांना हे बऱ्याचदा माहीत नसतं आणि ते उगाच प्रेक्षकांना दोष देत बसतात.

नोटिफिकेशन आलेलं पाहून कुणी तेव्हा उघडलं नाही आणि रात्री होमवर दिसल्यावर व्हिडिओ पाहिला, तर तो Browse features मध्ये गेला. ही ओळ पहिल्या दोन दिवसांसाठीच तपासा. महिन्यानंतर तिचा टक्का घसरलेला दिसणं अगदी स्वाभाविक आहे.

सकाळी 9 ला टाकलेल्या व्हिडिओचे पहिले व्ह्यूज अहवालात आदल्या दिवसाच्या तारखेला दिसतात. हे चुकलंय का?

चुकलेलं नाही. अहवालाचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने बदलतो. आपल्याकडे तेव्हा, तिथे उन्हाळी वेळ चालू असताना दुपारचे 12:30 आणि हिवाळ्यात 1:30 वाजलेले असतात. सकाळी टाकलेल्या व्हिडिओचा अहवालातला पहिला दिवस त्यामुळे फक्त तीन-चार तासांचा असतो. नोटिफिकेशनचा जोर नेमका त्याच तासांत असतो, म्हणून त्या दिवशी त्याचा टक्का अवाच्या सवा वाढलेला दिसतो. पहिले दोन दिवस एकत्र धरूनच तुलना करा.