वायरची बंडलं आधी, स्क्रू नंतर

प्रश्न: कोपरखैरणेत माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. सहाशेच्या आसपास वस्तू आहेत. दर मार्चला दोन दिवस दुकान बंद ठेवून माल मोजतो, तरी कॉम्प्युटरचा आकडा आणि प्रत्यक्ष माल जुळत नाही. एबीसी पद्धत लावा असं सीए सांगतो. म्हणजे नक्की काय करायचं?

उत्तर:

माझं दुकान ठाण्यात, नौपाड्यात. माल तोच, दुखणंही तेच होतं. आम्हीही ३१ मार्चला शटर अर्धं ओढून मोजायला बसायचो. दारापासून सुरुवात, म्हणजे पहिले स्क्रू, गिट्ट्या, टेप, होल्डर. रात्री अकराला पोटमाळ्यावरच्या वायरपर्यंत पोहोचेस्तोवर मी आणि पोरगा दोघंही इतके दमलेले असायचो की, "कॉम्प्युटरमध्ये जेवढे आहेत तेवढेच असतील, लिही" असं म्हणून मोकळं व्हायचो. एका वर्षी पुढे जूनमध्ये कळलं की अडीच एमएमची चार बंडलं कमी आहेत. बंडल ३,२०० रुपयांचं, म्हणजे १२,८०० गेले. त्याच मार्चला स्क्रूचं एकेक पाकीट मात्र आम्ही इमानेइतबारे मोजलं होतं.

तर एबीसी म्हणजे मालाचे तीन वर्ग पाडायचे: वर्षभरात ज्यात जास्त पैसा फिरतो तो ए, मधला बी, उरलेला सी, आणि ए जास्त वेळा मोजायचा. करायचं ते असं. प्रत्येक वस्तू वर्षभरात किती नग गेली ते काढा आणि त्याला तिच्या खरेदीभावाने गुणा. हे झालं त्या वस्तूचं वार्षिक मूल्य. इथे बरेच जण दोन ठिकाणी घसरतात. एक म्हणजे आज दुकानात पडून असलेल्या मालाची किंमत धरतात. ती नको, वर्षाची खपत हवी. नाहीतर चुकून जास्त मागवलेला, न विकला जाणारा माल वरच्या वर्गात जाऊन बसतो. दुसरं म्हणजे विक्रीभाव धरतात. कॉम्प्युटरमधून फक्त नग घ्या, भाव शेवटच्या खरेदी बिलावरून घ्या, जीएसटी सोडून.

मग मोठ्यापासून छोट्यापर्यंत उतरती यादी लावा आणि वरून खाली बेरीज करत या. एक्सेलमध्ये C मध्ये नग, D मध्ये भाव असेल तर E2 आणि F2 मध्ये अनुक्रमे एवढंच लागतं:

```
=C2*D2
=SUM(E$2:E2)/SUM(E:E)
```

दोन्ही खाली ओढा, E वर उतरता क्रम लावा आणि F टक्क्यांत दाखवा. एकूण मूल्याच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत येणाऱ्या वस्तू ए, तिथून ९५ पर्यंत बी, उरलेल्या सी. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. यादीत जिथे मूल्य एकदम घसरतं तिथे रेघ मारली तरी चालतं.

माझ्या यादीतल्या दहाच वस्तू घेऊन दाखवतो. दीड एमएमची बंडलं वर्षाला ४२०, भाव २,०००, म्हणजे ८ लाख ४० हजार. अडीच एमएमची १८० बंडलं, ५ लाख ७६ हजार. पंखे २६०, सरासरी १,७०० चा, ४ लाख ४२ हजार. दहा वस्तूंची बेरीज सुमारे २३ लाख १६ हजार आणि त्यातले ८० टक्के या तिघांत. त्याखाली ट्यूब बॅटन, एमसीबी आणि सहा अँपियरचे स्विच, मिळून साडेपंधरा टक्के. पाइप, टेप, अँगल होल्डर आणि ६३ अँपियरची फोर पोल आरसीसीबी, या चौघांचे मिळून सव्वाचार टक्केसुद्धा जेमतेम. टेपचे १,५०० रोल जातात, पण रुपयांत ते साडेतेरा हजारच. आम्ही तेच मोजत बसायचो.

आता मोजणी. ए दर महिन्याला, बी तीन महिन्यांतून एकदा, सी सहा महिन्यांतून एकदा. तुमच्या सहाशेपैकी समजा ६० ए, १२० बी आणि ४२० सी निघाल्या. महिन्याला ६०, ४० आणि ७० मिळून १७० वस्तू होतात. पंचवीस दिवसांवर वाटल्या तर रोज सात. शटर उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत अर्ध्या तासात होतं.

ए दर महिन्याला का, याचं खरं कारण मला करताना कळलं. महिन्याभराचा फरक शोधता येतो, वर्षाचा नाही. मोजणी सुरू केल्यावर दुसऱ्याच महिन्यात अडीच एमएमची दोन बंडलं कमी आली. पोराकडे संशयाने पाहण्याआधी त्या महिन्याची चलनं काढली. माजिवड्याच्या एका साइटवर दोन बंडलं चलनावर गेली होती आणि बिल करायचं राहिलं होतं. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, तोही म्हणाला, "हो, आली होती." बिल केलं, पैसे आले. आधीची चार बंडलंही बहुतेक अशीच गेली असणार, पण तेव्हा बारा महिन्यांची चलनं कोण उपसणार?

म्हणून मोजण्याआधी दोन गोष्टी बघा: बिल न झालेली चलनं आणि आलेला पण कॉम्प्युटरमध्ये न चढवलेला माल. आणि मोजणाऱ्याला कॉम्प्युटरचा आकडा सांगू नका. आकडा माहीत असला की डोळे तेवढीच बंडलं बघतात, माझे स्वतःचेसुद्धा.

वायरीत आणखी एक भानगड असते ती फोडलेल्या बंडलांची. नव्वद मीटरच्या बंडलातून कोणी बारा मीटर नेतो, कोणी सात. बऱ्याच चांगल्या वायरींवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, तो वाचून उरलेली लांबी निघते. नसेल तिथे आम्ही बंडलाला पुठ्ठ्याचा तुकडा बांधतो, कापलं की त्यावर वजाबाकी. एका रंगाचं एकच बंडल फुटलेलं असेल, हा नियम मात्र कडक. फरक आला की आधी हे पुठ्ठे बघतो.

फरक किती चालवून घ्यायचा? ए मध्ये एक नगही नाही, कारण सापडेपर्यंत पिच्छा सोडत नाही. सी मध्ये शंभराला पाच इकडेतिकडे झाले तर आकडा दुरुस्त करून पुढे जातो. स्क्रू तर मी आता वजनावरच मोजतो.

पण वर्ग बघून डोळे मिटू नका. ती फोर पोल आरसीसीबी वर्षाला सहाच जातात, म्हणून सी. पण एक नग साडेतीन हजारांचा आणि एका हातात मावणारा. मोजणीला ती सी, कुलपाला ए. काचेच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. उलट टेप नऊ रुपयांचा, पण तो नसला तर वायरमन बाकीची यादीही घेऊन समोरच्या दुकानात जातो. सी चा माल असा भरपूर ठेवावा, पैसा फार अडकत नाही. आम्ही टेपचे दोन खोके ठेवतो, पहिला संपला की ऑर्डर द्यायची, दुसऱ्यावर तोवर भागतं.

यादी वर्षातून दोनदा नव्याने काढा. तांब्याचा भाव हलला की वायर हलते. नव्या मालाला मागचा खप नसतो, त्याला पहिले तीन महिने सरळ बी मध्ये टाका. सुरुवात करायला मार्चची वाट बघू नका, या रविवारी फक्त वरच्या साठ वस्तू मोजा. पहिल्या मोजणीत फरक जास्तच येईल, तो जुना साठलेला असतो. तो लिहून ठेवा, आकडा बरोबर करा आणि पुढच्या महिन्याच्या फरकापासून चलनं काढायला बसा.