लेबलवरचे 8 टक्के आणि मुलाच्या हातातलं पाकीट

प्रश्न: मी सोलापुरात मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. चिप्स, ज्यूस यांची लेबलं वाचून साखर-मीठ कळावं असा छोटा प्रकल्प द्यायचाय. मुलांना ते आकडे झेपतील का? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

आकडे झेपतात हो. सातवीचं शेकडेवारीचं गणित आलं की पुरे. पण सर, पहिल्याच तासाला लेबल काढू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं. मुलांनी वहीत छान तक्ते उतरवून घेतले, आणि "31 ग्रॅम साखर म्हणजे किती?" असं विचारल्यावर सगळा वर्ग माझ्याकडे बघत बसला. ग्रॅम त्यांच्यासाठी नुसता शब्द होता.

म्हणून आता पहिला तास तराजूचा. शाळेसमोरच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक तराजू तासाभरासाठी मागून आणते. तो 5 ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो, त्यामुळे एक चमचा साखर त्याला नीट कळत नाही. यावर उपाय मुलांनीच काढला: एकसारखे 20 चमचे टाकायचे आणि आलेल्या वजनाला 20 ने भागायचं. चमचा चहाचा, आणि वरून पट्टी फिरवून सपाट केलेला. हे आधीच बजावून ठेवा, नाहीतर एक गट शिगोशीग भरतो, दुसरा कंजुषी करतो आणि मग भांडणं. आमच्याकडे 20 चमचे साखर 85 ग्रॅम भरली, म्हणजे एक चमचा सव्वाचार ग्रॅम. हिशोबाला सोपं पडावं म्हणून आम्ही 4 धरतो. मीठ 20 चमचे 115 ग्रॅम, म्हणजे चमचा पावणेसहा ग्रॅमचा. तेवढाच चमचा असून मीठ जड का, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. त्या दिवशीचा घनतेचा धडा फुकटात होतो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे आमच्या चमच्याने एक सपाट चमचासुद्धा नाही. त्यात घरची आमटी, भाजी, भाकरी, लोणचं सगळं आलं. ही गोष्ट मुलांना चमच्यातलं मीठ समोर ठेवूनच सांगा, फळ्यावर लिहून नाही.

आता लेबल. रिकामी पाकिटं आठवडाभर आधीपासून जमवायला सांगा, पण कुणाच्या घरातून काय आलं हे वर्गात बोलायचं नाही. सगळी एका पोत्यात. (एका मुलाला "तुझ्याकडे रोज हेच खातात काय बे" असं ऐकावं लागलं, तेव्हापासून हा नियम.) पाकीट शिवणीवर कापून सपाट करायचं, कारण तक्ता बऱ्याचदा नेमका घडीत दडलेला असतो. छोट्या गोळ्या-चॉकलेटांच्या कागदांवर तक्ता सापडला नाही तर वेळ घालवू नका. ज्या वेष्टनाचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटीमीटरपर्यंतच आहे, त्याला तक्ता छापण्यापासून सूट आहे. तो मोठ्या पुड्यावर असतो.

प्रकल्पाचा गाभा एकच ठेवा: लेबल कितीबद्दल बोलतंय आणि मूल किती खातंय. बाकी सगळं याच्यापुढे दुय्यम.

आमच्या पोत्यातलं मसाला चिप्सचं एक पाकीट घेऊ. पुढच्या बाजूला निव्वळ वजन 52 ग्रॅम. मागच्या तक्त्यात 100 ग्रॅमला सोडियम 820 मिलीग्रॅम. शेजारच्या रकान्यात लिहिलेलं की एक सर्व्हिंग 20 ग्रॅमचं, आणि त्यातून दिवसाच्या सोडियमचा 8 टक्के भाग मिळतो. मुलं हा 8 वाचतात आणि म्हणतात, "बाई, फक्त आठच टक्के आहे की!" तिथे थांबून एकच विचारायचं: हे पाकीट फोडल्यावर 20 ग्रॅम खाऊन उरलेलं कोण ठेवतं? आजवर एकही हात वर आला नाही.

मग हिशोब. 100 ग्रॅममध्ये 820, तर 52 ग्रॅममध्ये 820 × 52 ÷ 100, म्हणजे 426 मिलीग्रॅम. आपल्या लेबलांवरची टक्केवारी 2000 मिलीग्रॅम सोडियम हा पूर्ण दिवस धरून काढतात. 426 भागिले 2000 म्हणजे 21 टक्के. लेबलवरचे 8 खोटे नव्हते, फक्त ते दुसऱ्याच कुणाच्या घासाचे होते. शिवाय तो 2000 चा आकडा 2000 कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे. ज्या मुलाची भूक त्याहून कमी, त्याची मर्यादाही त्या प्रमाणात खाली येते.

सोडियमचं मीठ करायला अडीचने गुणायचं: 426 × 2.5 म्हणजे 1065 मिलीग्रॅम, साधारण 1 ग्रॅम मीठ. कारणही सांगून टाका: मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन, आणि त्यात वजनाने सोडियमचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास. हा टप्पा गाळला तर मुलं सोडियमलाच मीठ समजतात आणि उत्तर अडीचपट कमी येतं. ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

दुसरी चूक ग्रॅम-मिलीग्रॅमची. तक्त्यात साखर ग्रॅममध्ये असते, सोडियम मिलीग्रॅममध्ये, आणि दोन्ही एकाखाली एक. आमच्या एका गटाने 426 ग्रॅम सोडियम धरून एक किलोच्या वर मीठ काढलं, तेही 52 ग्रॅमच्या पाकिटात! वर्ग हसून लोळला. पण त्यातून पडताळा करायची सवय लागली: आलेलं उत्तर पाकिटाच्या वजनापेक्षा मोठं असेल तर कुठेतरी एकक चुकलंय. तसंच एकूण साखर कधीही कार्बोहायड्रेटच्या आकड्यापेक्षा जास्त येऊ शकत नाही. आली तर ओळ चुकीची वाचली आहे.

पेयांचं गणित याच चालीचं, फक्त 100 मिलीने. आंब्याच्या पेयाची 250 मिलीची बाटली घेतली होती. 100 मिलीला एकूण साखर 14 ग्रॅम, त्यातली वरून घातलेली 12.5. अडीचपट केली की घातलेली साखर 31 ग्रॅमच्या वर, म्हणजे जवळजवळ 8 चमचे. लेबलवरची टक्केवारी घातलेल्या साखरेसाठी 50 ग्रॅमचा दिवस धरते, म्हणजे एका बाटलीत 60 टक्क्यांहून जास्त. साखर 25 ग्रॅमच्या आत राहिली तर आणखी बरं, असंही जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्या मापाने बाटली संपायच्या आधीच दिवस संपला. आठ चमचे साखर पारदर्शक पिशवीत भरून बाटलीला दोऱ्याने बांधा. आमच्या वर्गात एप्रिलच्या उन्हात ती खिडकीत लटकत होती आणि येणारा-जाणारा विचारायचा.

'एकूण' आणि 'घातलेली' या दोन ओळींवर थोडा वेळ द्या. सुगंधी दुधाच्या बाटलीवर दोन्हींत 100 मिलीमागे साडेचार-पाच ग्रॅमचा फरक दिसतो. ती दुधाची स्वतःची साखर, तिला नावं ठेवायचं कारण नाही. उलट निव्वळ फळांच्या रसावर 'घातलेली साखर 0' असतं, पण रस काढल्यावर मोकळी झालेली साखर जागतिक आरोग्य संघटना मर्यादेतच मोजते. त्यामुळे रसाच्या बाबतीत एकूण साखरेची ओळ बघायची.

जिभेवर विसंबू नका, हे मुलांना क्रीमच्या बिस्किटाने पटतं. चवीला नुसतं गोड, तरी सोडियमची ओळ रिकामी नसते. त्यात मीठ असतंच, शिवाय खायचा सोडाही सोडियमचाच. म्हणून अडीचने गुणून आलेलं उत्तर 'इतक्या मिठाएवढं' असं वाचायचं. प्रत्यक्ष तेवढं मीठ घातलंय असं नाही.

आता आपल्या गावची गोष्ट. पोत्यात शेंगाचटणीचं एक घरगुती पाकीट आलं, त्यावर तक्ताच नव्हता. बाजारातल्या सुट्या फरसाणाचं आणि खारीचंही तेच, तिथे वाचायला काही नसतं. मग आम्ही चटणीचं लेबल स्वतः बनवलं. एका मुलीच्या आजीकडून प्रमाण आलं: शेंगदाणे 250 ग्रॅम, लसूण, तिखट, जिरं मिळून 25, मीठ 10 ग्रॅम. आजी अर्थातच मूठ-चिमटीत सांगत होत्या, मुलीने ते तराजूवर नेलं. एकूण 285 ग्रॅममध्ये 10 ग्रॅम मीठ, म्हणजे 100 ग्रॅमला साडेतीन ग्रॅम. चिप्सचं 100 ग्रॅमला मीठ 820 × 2.5, म्हणजे जेमतेम 2 ग्रॅम. वर्गात एकच गलका: "चटणी चिप्सपेक्षा खारट!"

लगेच बरोबर-चूक सांगू नका. भाकरीबरोबर आपण चटणी किती घेतो ते मोजायला लावा. आमच्याकडे 10 ग्रॅमच्या आसपास आली, त्यात मीठ 0.35 ग्रॅम. आणि चिप्सचं पाकीट? 52 ग्रॅम, एका बैठकीत, मीठ 1 ग्रॅम. दोन पदार्थांची तुलना करायला 100 ग्रॅमचा रकाना, पोटात किती गेलं ते बघायला आपला घास. एका मुलाने मात्र सांगितलं की तो चटणीत तेल घालून वाटीभर खातो. त्याची वाटी मोजली, 40 ग्रॅम निघाली, म्हणजे मीठ 1.4 ग्रॅम. त्याच्या तक्त्यात चटणी चिप्सच्या पुढे गेली आणि ते बरोबरच होतं.

वेळेचं म्हणाल तर चार तास: एक तराजूचा, दोन हिशोबाचे, एक चटणीसारख्या बिनलेबलच्या पदार्थाचा. मुलांची वजनं घेणं किंवा कोण काय खातं याची यादी करणं प्रकल्पात आणू नका. आणि तराजू देणाऱ्या दुकानदाराला आधीच विश्वासात घ्या. आमचे काका दुसऱ्या दिवशी दारात उभे, "बाई, माझ्याच तराजूवर माझाच माल मोजायलाय व्हय?" यंदा त्यांनी तराजू दिलाय, पण बदल्यात शेंगदाण्याच्या पुड्या वर्गात न्यायला सांगितल्यात.